डीसमोरची अक्षरं

रायपूरजवळच्या एका नर्सरीत परदेशी झाडांचं रजिस्टर मी लिहायचे. एकदा ऑलिव्हच्या कुंड्या आल्या. प्रत्येक कुंडीला युरोपातला प्लांट पासपोर्ट होता, म्हणजे ए, बी, सी, डी अशा चार ओळींची चिठ्ठी. बीसमोर सगळीकडे एनएल दिसलं आणि मी मोकळी झाले: झाडं नेदरलँड्सची.

कुंड्या मांडणाऱ्या बाईंनी मात्र त्यांच्या दोन रांगा केल्या होत्या. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, त्या अक्षरांचे आकार जुळवायच्या. "दीदी, सबसे नीचे के अक्षर अलग हैं," त्या म्हणाल्या.

माझं डोकं फिरलं. "तुम्ही मले शिकवून राहिल्या का?"

मी त्यांना दोन्ही रांगा एक करायला लावल्या आणि चिठ्ठ्या कापून रजिस्टरात चिकटवल्या.

काही आठवड्यांनी थोड्या झाडांची पानं कडेने करपली. तपासणीला आलेल्या, परदेशी झाडांचे रोग बघणाऱ्या क्वारंटाइन खात्याच्या साहेबांनी रजिस्टर उघडलं.

"बी म्हणजे चिठ्ठी देणाऱ्या व्यापाऱ्याची नोंदणी," ते म्हणाले. "झाड मूळ कुठलं, ते डी सांगतं. इथे काहींवर इटली आहे, काहींवर स्पेन. करपलेली कुठली? रोग कुठून आला ते त्यावरून कळेल."

चिठ्ठ्या रजिस्टरात होत्या आणि झाडं एकाच रांगेत.

"मिसळली कोणी?"

"लेबरने," मी म्हणाले.

बाई शेजारीच पाणी देत होत्या. त्यांनी पुढच्या कुंडीत पाणी सोडलं.

त्या अजून कामाला येतात. नवी झाडं आली की चिठ्ठीकडे बघतसुद्धा नाहीत. कुंडी उचलून माझ्यासमोर उभ्या राहतात आणि विचारतात, "दीदी, कहाँ रखूँ?"