पट्ट्यावरची जागा आणि पहाटेचं ताट

खालाला राग आला की ती कांदे चिरायला घेई. त्यामुळे बाटल्यांच्या त्या कारखान्यातल्या कॅन्टीनमध्ये कांद्याची टंचाई कधी जाणवली नाही. रमजानच्या पंधरा दिवस आधी नोटीस बोर्डावर एक कागद लागला, आणि त्या दिवशी तिने लागतात त्याच्या तिप्पट कांदे चिरले.

कागदावर लिहिलं होतं, 'रोजा ठेवणाऱ्या कामगारांच्या प्रकृतीची काळजी म्हणून त्यांना महिनाभर तपासणी पट्ट्यावर बसवलं जाणार नाही.' रोजा ठेवणारे कामगार अकरा होते. त्यांतली पट्ट्यावर बसणारी एकच, खालाची भाची. अनेकवचन केवळ सभ्यतेपोटी वापरलं होतं.

भाचीला सगळे 'घार' म्हणत. पांढऱ्या उजेडासमोरून मिनिटाला शंभरावर बाटल्या सरकत जात, आणि गळ्याजवळची केसाएवढी चीर तिला दिसे. पट्ट्यावर बसलेली ती पहिली बाई. पण मागच्या रमजानात तिच्या हातून घोळ झाला होता. सुपरवायझर दर तासाला एक मुद्दाम खराब केलेली बाटली पट्ट्यावर सोडत, तळाला रंगाचा ठिपका लावून, जो फक्त त्यांनाच ठाऊक. तपासणारा जागा आहे की नुसता बसला आहे, ते त्यावरून कळे. एका संध्याकाळी इफ्तारनंतरच्या तीन तासांत घारीच्या नजरेतून अशा तिन्ही बाटल्या सुटल्या होत्या. आता एकदा पॅकिंगच्या अंगणात गेली की परत येणं कठीण. तिथे गेलेला माणूस परत आल्याची नोंद कारखान्यात नव्हती.

खाला हात पुसत सुपरवायझरच्या टेबलासमोर उभी राहिली.

"साहेब, तीन बाटल्या सोडल्या त्या दिवशी पोरीने काय खाल्लं होतं, विचारलंत?"

"खाला, मी काय खाल्लं ते विचारतो का? मी बाटल्या मोजतो."

"मग मी सांगते. मालकांच्या मेहुण्यांनी सवाबासाठी, पुण्य लागावं म्हणून पाठवलेला डबा. सगळं तळलेलं, वर साखरेचं सरबत. चौदा तास रिकाम्या पोटावर ते पडलं की तुम्हीसुद्धा डुलाल. तुम्ही तर भरल्या पोटीच डुलता."

सुपरवायझरला हसू आलं, ते त्यांनी कागद सारखे करण्यात लपवलं. "बरं, बसू दे तिला. पण महिन्यात तीन बाटल्या सुटल्या की अंगण."

खालाने त्याच दिवशी घारीचा चहा तोडायला घेतला. दिवसाला सहा कप पिणाऱ्या पोरीचा चहा रोजा सुरू झाल्यावर एकदम बंद झाला तर पहिले चार दिवस डोकं फुटतं. म्हणून सहाचे चार, चारचे दोन, मग एक.

"मी माणूस आहे की नळ? थोडा थोडा बंद करतेयस."

"नळ बरा. तो उलट बोलत नाही."

घार, भट्टीवरचे मामू आणि आणखी तिघे तीन ते अकराच्या पाळीला होते. त्यांचा इफ्तार पंचवीस मिनिटांचा, कॅन्टीनमध्येच. खालाने ती पंचवीस मिनिटं कापडासारखी बेतली. आधी तीन खजूर आणि पाणी. मग डाळीचं पातळ सूप, फळाच्या चार फोडी. मग नमाज. नमाजहून आल्यावर लहान ताट: एक पोळी, भाजी, उकडलेली कोंबडी किंवा चणे, काकडी. बस. उरलेलं जेवण पाळी सुटल्यावर, तेही हलकं. पाणी एका दमात ढोसायचं नाही. इफ्तारपासून झोपेपर्यंत तासाला पेला. पहाटेच्या सहेरीसाठी जाड्या भरड्याची लापशी, दोन अंडी, दही, केळं, दोन पेले पाणी. लोणचं नाही, खारवलेलं काही नाही, नाहीतर दहा वाजताच घशात वाळवंट होतं. हा पहाटेचा डबा पाळी सुटताना ती घारीच्या हातात देई.

खाला स्वतःही रोज्यात, त्यामुळे मीठ चाखता येत नसे. ती चिमटीवर भरवसा ठेवी. चिमटी चुकली नाही, माणसं चुकली.

"खाला, हे इफ्तार आहे की दवाखाना?" मामूंनी पहिल्याच दिवशी सूपात चमचा फिरवत विचारलं. "तीन वाजल्यापासून भट्टीसमोर उभा राहिलो ते डाळीचं पाणी प्यायला?"

"मामू, भट्टीला तुम्ही एकदम सगळा कोळसा घालता का?"

"आमची भट्टी गॅसवर आहे."

"मग गॅसवरच राहा," खाला म्हणाली, आणि त्यांच्या ताटातली दुसरी पोळी उचलून नेली.

पहिला आठवडा घार इफ्तारनंतर टक्क जागी होती. ठिपक्याची बाटली आली की चिमट्यासारखा हात जाई. खाला खूश झाली असती, पण खूश व्हायचं तिला जमत नसे. आणि बरंच झालं, कारण आठव्या दिवशी एक बाटली सुटली आणि अकराव्या दिवशी दुसरी. इफ्तारनंतर नव्हे, त्याच्या आधी. संध्याकाळी पाच ते सहाच्या दरम्यान.

हे खालाच्या हिशेबात बसेना. तिने सूप बदललं, खजूर बदलले, सुपरवायझरला मनातल्या मनात सहा प्रकारे मारलं. मग तिच्या लक्षात आलं की पाच वाजता जे चुकतंय ते इफ्तारमुळे चुकणं शक्यच नाही. इफ्तार तर अजून झालेलाच नाही. पाचची चूक पहाटे झालेली असते.

बाराव्या दिवशी पहाटे साडेचारला ती भाचीच्या दारात उभी राहिली. आत अंधार. कडी तीनदा वाजवली, मग दार लाथेने. घार डोळे चोळत आली.

"सहेरी झाली?"

"झाली."

"कधी?"

खाला आत शिरली. ओट्यावर घासलेला डबा पालथा वाळत होता, पूर्ण कोरडा. चार-पाच तासांपूर्वी घासलेला डबाच इतका कोरडा असतो.

"पाळीहून आल्यावरच खाते गं," घार म्हणाली. "बारा वाजता. रोज्याची नियत करते आणि झोपते. मध्येच उठलं की परत झोप लागत नाही. सगळेच तसं करतात. मामूपण."

"मामूपण! मामूंच्या समोर भट्टी आहे, ती स्वतः जागी ठेवते. तुझ्यासमोर बाटल्या आहेत!" खालाचा आवाज जिन्यात घुमला. "बारा ते संध्याकाळी साडेसहा म्हणजे किती? साडेअठरा तास! मी चौदा तासांचं पोट बेततेय आणि ही अठरा तास ताणतेय! मी अंडी फोडू, दही लावू, लापशीचं पातेलं घासू, आणि ही महाराणी ते इफ्तारचं दुसरं जेवण म्हणून गिळून वर घोरणार! अकरा वाजता मी दिलेलं हलकं जेवण, त्यावर लगेच ही लापशी! मग पोट जड, झोप वाईट, आणि पाच वाजता डोळे कोरे!"

वरच्या मजल्यावरचं कुणीतरी दार उघडून बघून गेलं.

"आणि दोन बाटल्या गेल्या," खाला म्हणाली. आता आवाज खाली आला होता, आणि घारीला तो जास्त भीतीदायक वाटला. "आता एक राहिली. अंगणात जायचं असेल तर मला आत्ताच सांग. मी अंडी तरी वाचवते."

घारीने मान हलवली. तिने रडायला घेतलं, पण खाला समोर असताना ते नीट जमेना. फ्रिजमध्ये दही होतं, केळी होती, टोपलीत दोन अंडी. अजानला पंधरा मिनिटं होती. खालाने अंडी उकडायला टाकली आणि घड्याळाकडे बघत उभी राहिली. घारीने शेवटचा घास गिळून पाण्याचा दुसरा पेला खाली ठेवला तेव्हा दोन मिनिटं उरली होती.

"खाला, तू काय खाल्लंस?"

खालाने काहीच खाल्लं नव्हतं. रागात विसरली होती. ती एक शिवी हासडून केळं सोलायला लागली.

त्या दिवसापासून झोपेचेही दोन तुकडे झाले. पाळीहून आल्यावर हलकं जेवून साडेबारा ते चार, मग सहेरी, फजरची नमाज, आणि पुन्हा सहा ते दहा. पहिले तीन दिवस घारीला दुसरी झोप लागली नाही आणि तिने खालाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, त्यात तिची स्वतःचीही पिढी येते हे विसरून. चौथ्या दिवशी लागली. पाच ते सहाची बाटली ती पुन्हा उचलू लागली.

विसाव्या दिवशी मालकांच्या मेहुण्यांचे डबे आले. गाडीभर. सोबत फोटो काढणारा. खालाने डबे मोजून घेतले, कोठारात ठेवले आणि कुलूप लावून किल्ली कमरेला खोचली.

"अहो बाई, गरम आहेत, वाटा ना," मेहुणे म्हणाले. "पुण्याचं काम आहे."

"अकरा वाजता वाटीन. पुण्य काही थंड होत नाही."

"फोटो?"

"कुलपाचा काढा."

मेहुणे सुपरवायझरकडे गेले. सुपरवायझर म्हणाले की कॅन्टीन त्यांच्या अखत्यारीत येत नाही, आणि हे वाक्य बोलताना त्यांना आयुष्यात प्रथमच अखत्यार कमी असल्याचा आनंद झाला.

शेवटच्या दिवसापर्यंत तिसरी बाटली सुटली नाही. ईदच्या तिसऱ्या दिवशी सुपरवायझर स्वतः कॅन्टीनमध्ये आले.

"खाला, मानलं. घार पट्ट्यावरच राहील. पुढच्या वर्षीही हीच अट ठेवू. तीन बाटल्या."

खालाच्या हातात सुरी होती. समोर कांदे.

"पुढच्या वर्षीही?"

"म्हणजे, पद्धत म्हणून."

"साहेब, सकाळच्या पाळीतले तुमचे चौघे साडेबाराला माझ्याकडे जेवतात. भाताचे डोंगर, बटाटा, तळलेलं, वर गोड. कामगार समितीनेच लिहून दिलेला बेत आहे. एक ते दोनमध्ये त्यांच्यावर कधी ठिपक्याची बाटली सोडलीत?"

सुपरवायझरनी आठवून बघितलं. दर तासाला बाटली सोडायचा नियम होता खरा, पण एक ते दोनमध्ये ते स्वतःच जेवून खुर्चीत मागे रेललेले असत.

"सोडा उद्या," खाला म्हणाली. "तासात पाच. मग अट सगळ्यांना लावा नाहीतर कुणालाच नको."

दुसऱ्या दिवशी खालाने जेवणात काहीही वेगळं केलं नाही. हे सांगायला हवं, कारण नंतर काहींनी शंका घेतली. सुपरवायझर त्या दिवशी न जेवता पट्ट्यापाशी उभे राहिले. पाच बाटल्या सोडल्या. तीन सरळ पुढे पॅकिंगला गेल्या आणि त्यांना धावत जाऊन त्या खोक्यांतून शोधून काढाव्या लागल्या.

दुपारीच नोटीस बोर्डावरून जुना कागद निघाला. त्या जागी नवा लागला नाही. तीन वाजता घार येऊन आपल्या जागेवर बसली, खुर्ची थोडी पुढे ओढली आणि उजेडाकडे बघायला लागली. खालाने खिडकीतून ते पाहिलं, आणि दुपारच्या जेवणाचा बेत बदलायला समितीच्या सेक्रेटरीला बोलावणं पाठवलं. तो येईपर्यंत तिने अर्धी पाटी कांदे चिरले होते.