काळा करदोडा

मत्सर कसा असतो ते मला बुऱ्हाणपूरच्या सरकारी दवाखान्यात, नवजात बाळांच्या वॉर्डात कळलं. माझी पोरगी दिवसांआधी जन्मली होती, मूठभर. शेजारच्या पाळण्यात बहादरपूरच्या केळीवाल्या घरातलं पोर, तेही तसंच. दोघांना नाकातल्या नळीनं दर दोन तासांनी दूध.

त्या बाईला दूध जेमतेम उतरायचं, माझी वाटी काठोकाठ. पण दर वेळचं दूध वाढत होतं ते तिच्या पोराचं! त्याचं बारा मिलीवर गेलं तरी माझी आठवरच. सिस्टर दर वेळी टेपनं बेंबीवरून पोट मोजायची, हात लावून बघायची, शी तपासायची आणि कागदावर लिहायची. आज वाढवायचं नाही, म्हणायची. कच्च्या आतड्यावर घाई केली तर ते सडतं, हे तिनं मला दहादा सांगितलं. पण ऐकतं कोण? माझा नुसता जळफळाट. त्या बाईचीच नजर लागली, असं मी मनात पक्कं केलं.

सासूबाईंनी शनवारा मोहल्ल्यातून मंतरलेला काळा करदोडा पाठवला. वॉर्डात असलं काही बांधायची मनाई. पोरीला छातीशी धरून बसायची वेळ आली, तेव्हा मी तो लंगोटाच्या आत हळूच बांधला, बोट सहज जाईल इतका सैल; लंगोट मीच बदलायची, त्यामुळे कुणाला दिसला नाही.

दुपारी पुन्हा छातीशी घेतली आणि दोऱ्यात बोट घातलं. जाईना. दोरा कातडीत रुतला होता. शिव्या खायच्या तर खाऊ म्हणत मी सिस्टरला हाक मारली.

तिनं आधी दोरा कापला, मग टेप लावली. मागच्या वेळेपेक्षा पोट दोन सेंटिमीटर जास्त, टणक, चकचकीत. नळीतून ओढलं तर हिरवं पाणी. दूध तिथंच बंद. नळी उघडी ठेवली, सलाईन आणि औषधं लावली, एक्स-रे काढला. आतडं फाटलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, वेळेवर कळलं.

मग कित्येक दिवस मी वाटी भरायची आणि सिस्टर ते दूध बर्फाच्या पेटीत ठेवायची. शेजारी ते पोर चमच्यानं प्यायला लागलं. बघवत नव्हतं हो!

शेवटी माझ्या पोरीला पुन्हा एक मिली सुरू झालं. त्याच दिवशी ती बाई घरी निघाली, गुटगुटीत पोर घेऊन. जाता जाता माझ्यापाशी थांबली. माझ्या पदराच्या गाठीत कापलेला करदोडा आहे, हे तिला ठाऊक होतं.

"ताई, त्यातला एक तुकडा मले द्या ना. तुमच्या पोरीले त्यानंच वाचवलं."

सगळं मिळालेल्या बाईला माझं काहीतरी हवं होतं. मी गाठ मुठीत घट्ट धरली.

"नाही देत," म्हटलं.

ती गेली. सिस्टरनं पोट मोजलं. मऊ होतं. उद्या दोन मिली देऊ, म्हणाली.