रद्द करायचं बटण

शाळा नववीत सोडून मी विदर्भातून इंदूरला आलो आणि एका ट्रेडिंग कंपनीच्या हेल्पलाइनवर लागलो. खात्यात पैसे कसे भरायचे, ते ग्राहकांना सांगायचं काम. कार्डाला फी जास्त, वॉलेट झटपट, बँक ट्रान्सफर स्वस्त पण कधीकधी उशिरा पोचणारी, क्रिप्टोची फी रोज वेगळी. माझ्या डोक्यात सगळा गुंता.

एकदा इंदूरजवळच्या बेटमा गावातल्या एका काकांचा फोन आला. "भिया, पहिल्यांदाच भरतोय. गलत झालं तर पैसे वापस येतात ना?"

माझ्या स्क्रीनवर क्रिप्टोसमोर 'रद्द करा' असं बटण होतं. मी आनंदाने म्हणालो, "क्रिप्टो करा काका, रद्द करता येतं."

शेजारच्या सीनिअर ताईंनी माझा हेडफोनच ओढला. "अरे बावळटा, ते बटण फक्त आपल्याकडची रिक्वेस्ट रद्द करतं! एकदा निघालेली क्रिप्टो कुणीच मागे खेचू शकत नाही."

मी हेडफोन घाईघाईने परत कानाला लावला. "काका, पाठवलं का?"

"बस, दाबायचंच बाकी आहे."

"दाबू नका! कार्डाने भरा. फी कटेल, पण बँकेत तक्रार करता येते."

"म्हणजे पक्का वापस?"

"पक्कं नाही... बँक तपासून ठरवते."

"मग तुम्ही नक्की सांगताय काय?"

ते मलाही कळत नव्हतं. काका म्हणाले, "रुको, आधी बँकेतच विचारतो," आणि फोन ठेवला. कंपनीचा एक ग्राहक गेला. कुणामुळे, ते ताईंनी साहेबांना कधीच सांगितलं नाही.