तक्त्यातला आत्मविश्वास

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी माझ्याइतका देखणा अभ्यास आमच्या कॉलेजात कुणाचाच नव्हता. देखणा म्हणजे फक्त दिसायला. पाच विषय, प्रत्येकाचे सहा चॅप्टर, अशा तीस ओळींचा तक्ता मी कॉम्प्युटरवर केला होता. चॅप्टरच्या नावापुढे स्टेटस, म्हणजे सुरू नाही, चालू की पूर्ण. त्यापुढे उजळणी किती वेळा झाली ते, आणि शेवटी कॉन्फिडन्स, एक ते पाच. चार-पाच लिहिलं की चौकट आपोआप हिरवी, तीनला पिवळी, त्याखाली लाल. वरच्या कोपऱ्यात तीसपैकी किती चॅप्टर पूर्ण झाले त्याची टक्केवारी.

आमचे मार्गदर्शक सर हा तक्ता पाहून इतके खूश झाले, की त्यांनी तो बॅचमधल्या सगळ्यांना सक्तीचा केला. एकच फाइल, प्रत्येकाचं वेगळं पान आणि सगळ्या पानांची प्रमुख मी. त्या प्रमुखपदाचा मला इतका माज चढला, की सांगलीच्या हॉस्टेलमध्ये मी पाणी भरायला जातानासुद्धा कुणाचं पान भरायचं राहिलंय ते विचारत जायचे.

आता माझे आकडे कसे यायचे तेही सांगते. चॅप्टर वाचून पुस्तक मिटलं, की लगेच मी कॉन्फिडन्स भरायचे. नुकतंच वाचलेलं सगळंच ओळखीचं वाटतं, त्यामुळे पाच. मेसमध्ये जेवताना मोबाइलवर नोट्स वरखाली सरकवल्या, की एक उजळणी. गणितं सोडवली का, असा रकानाच नव्हता. तो मीच ठेवला नव्हता.

वाईहून वडिलांचा फोन आला की मी टक्केवारी सांगायचे. नव्वद झाली तेव्हा त्यांनी तक्त्याचा फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. आत्याने विचारलं, "नव्वद मार्क पडले का?" वडिलांनी उत्तरादाखल हात जोडल्याचं चित्र पाठवलं. खोटं बोलण्याची एवढी सभ्य पद्धत मला तरी माहीत नव्हती.

माझी रूममेट म्हसवडची. तिचं पान म्हणजे माझ्या डोळ्यांत खुपणारं कुसळ. तीसपैकी अकरा चॅप्टर पूर्ण, बाकी सगळीकडे पिवळं नाही तर लाल. त्यातही गेल्या आठवड्यात चार असलेला आकडा ती या आठवड्यात तीनवर आणायची.

"कॉन्फिडन्स कमी कसा होईल?" मी एकदा चिडून म्हटलं. "वाढत जायला पाहिजे तो."

"इसरले की गं," ती म्हणाली. "पंधरा दिवसांनी वही मिटून लिहायला बसले, निम्मं आठवंना. मग चार कशाला ठेवू?"

मला ती मंद वाटली. हे मी आज लाजून लिहितेय, पण तेव्हा खरंच वाटली.

मग कॉलेजच्या तपासणीला बाहेरून समिती येणार असं कळलं. सरांनी आम्हा दोघींना केबिनमध्ये बोलावलं आणि रूममेटचं पान उघडून तिला झापलं.

"तुझ्यामुळे पूर्ण बॅचची सरासरी खाली येते. समितीला हे लाल दाखवू का मी?"

"सर, मला जे येत न्हाई ते येतंय कसं लिहू?"

"तुला कुणी खोटं लिही म्हणतंय का? सकारात्मक राहा म्हणतोय." मग माझ्याकडे वळून, "तू बघ जरा तिचं पान. नीट करून टाक."

नीट करून टाक! सरांनी खोटं हा शब्द उच्चारला नाही आणि मीही तो मनात येऊ दिला नाही. दुपारी लॅबमध्ये बसून, तिला न विचारता, मी तिच्या लाल चौकटी हिरव्या केल्या. वीस मिनिटांत तिचा अभ्यास झाला. संध्याकाळी तिने पान पाहिलं. माझ्याकडेही पाहिलं. मग आपली वही उघडून बसली.

समितीत तिघे होते. दोघांनी चहा आणि फाइलींवर समाधान मानलं. तिसऱ्या बाई मात्र, वयस्क, कडक इस्त्रीच्या साडीतल्या, वर्गातल्या स्क्रीनवरचा तक्ता नुसता न बघता वाचायला लागल्या.

"जलविज्ञान, युनिट हायड्रोग्राफ. उजळणी चार वेळा, कॉन्फिडन्स पाच. कोण ही मुलगी?"

युनिट हायड्रोग्राफ म्हणजे ठरावीक पावसानंतर नदीचं पाणी कसं चढतं-उतरतं त्याचा आलेख, एवढं मला माहीत होतं. मी ऐटीत उभी राहिले.

"चार तासांचा युनिट हायड्रोग्राफ दिलाय. त्यावरून दोन तासांचा कसा काढशील?"

चार आणि दोन. मला वाटलं, किती सोपं. "सगळे आकडे निम्मे करायचे, मॅडम."

बाई हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त पुढचं पान उघडलं. ते रूममेटचं होतं. तिथेही त्याच चॅप्टरला पाच.

"तू सांग."

ती उठली. "मॅडम, हा पाच मी भरलेला न्हाई. माझे दोनच हायत."

सर खिडकीबाहेर काहीतरी फार महत्त्वाचं असल्यासारखे बघू लागले.

"मग कुणी भरला?"

तिने मान खाली घातली. माझं नाव तिने घेतलं नाही, आणि मीही घेतलं नाही. आयुष्यात स्वतःविषयी जेवढी किळस मला वाटलीय, त्यातली बरीचशी त्या दहा सेकंदांची आहे.

"बरं, दोनमध्ये जेवढं येतं तेवढं सांग," बाई म्हणाल्या.

"आधी एस-कर्व्ह काढायचा. तोच दोन तासांनी पुढं सरकवायचा आन् दोन्हींची वजाबाकी करायची. त्या फरकाला कशानं तरी गुणायचं, तिथं माझा गोंधळ होतो."

"चार भागिले दोन, म्हणजे दोनने. तुझे तीन तरी धर," बाई म्हणाल्या आणि स्वतःच्या वहीत काहीतरी लिहून घेतलं.

त्यांनी काय लिहिलं ते आम्हाला कधीच कळलं नाही. समितीच्या अहवालात मात्र आमच्या अभ्यास-तक्त्याचं 'अनुकरणीय उपक्रम' म्हणून कौतुक होतं. सरांनी त्या ओळीची प्रत काढून नोटीस बोर्डावर लावली.

विद्यापीठाने तो बोर्ड वाचला नसावा. जलविज्ञानात मी नापास झाले. पेपरात युनिट हायड्रोग्राफचंच मोठं गणित होतं आणि माझ्या डोक्यात फक्त हिरवा रंग. रूममेट सगळ्या विषयांत पास झाली. फार चमकली नाही, पण सुटली.

निकालानंतर ती सामान बांधत होती तेव्हा मी तिच्याजवळ जाऊन बसले. "तुझं पान मीच बदललं होतं."

"ठावं हाय."

"मग त्या दिवशी बोलली का नाहीस?"

"तू बोलशील वाटलं." तिने बॅगेची चेन ओढली. माफी मागणं सोपं जावं म्हणून तिने काहीही केलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

मग मी तिला अभ्यास कसा करते ते विचारलं. तिने एक साधी वही काढली. रकाने तेच, पण उजळणीत नुसता आकडा नव्हता. तारीख, आणि पुस्तक मिटून सोडवलेल्या गणिताचा नंबर. ते नसेल तर उजळणी धरायची नाही. कॉन्फिडन्स दुसऱ्या दिवशी भरायचा, वाचल्या-वाचल्या नाही.

पुरवणी परीक्षेसाठी वाईला घरी मी तसाच तक्ता केला, सहाच ओळींचा. पहिल्या आठवड्यात सगळीकडे एक आणि दोन. वडिलांनी डोकावून बघितलं आणि म्हणाले, "हा काही मी ग्रुपवर टाकत नाही."

युनिट हायड्रोग्राफच्या गणिताला दोनवरून चारवर यायला मला तीन आठवडे लागले. पाच मी लिहिलाच नाही. पास झाले, काठावर, आणि तो निकाल सगळ्यात आधी म्हसवडला कळवला.

"किती पडले?" तिने विचारलं. मी खरा आकडा सांगितला.