आठव्या महिन्यातली गळती

त्या दुपारी चिंचवडच्या ऑफिसात मी डेटाबेसमधून आकडे काढायची क्वेरी लिहीत होते. चाकणचे कामगार आमच्या अ‍ॅपवर कंपनीच्या बसची जागा धरायचे. ज्याची पहिली नोंद ज्या महिन्यातली, त्याला त्या महिन्याच्या गटात टाकायचं आणि पुढे दर महिन्याला त्यातले किती परत आले ते मोजायचं. पडद्यावर आकड्यांचा जिना उतरत गेला. वाटलं, धुक्यात बसमधून एकेक माणूस उतरून विरघळतोय.

आठव्या महिन्यात मात्र प्रत्येक गट धाडकन रिकामा व्हायचा.

"लोकांना अ‍ॅप आवडत नाहीये," मॅनेजर म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. "सर, तेव्हा त्यांना ब्रेक देतात!"

कायम करावं लागू नये म्हणून सात महिने झाले की ठेकेदार कामगाराला घरी बसवतो आणि महिन्याभराने नवं ओळखपत्र देऊन, नव्या कार्ड नंबरावर परत घेतो. माझे वडील असेच राबले. तरी मी माणसं कार्ड नंबरावरूनच मोजत बसले होते.

कार्डाच्या जागी मी मोबाईल नंबर घातला. नवव्या महिन्यात तीच माणसं पुन्हा बसमध्ये चढली.

वडिलांच्या पेटीतली कार्डं आठवली. प्रत्येकावर रुजू झाल्याची नवी तारीख, आणि माणूस तोच, दर खेपेला थोडा म्हातारा.