मोटारीवरचा डायोड

एम.एस्सी.ला इलेक्ट्रॉनिक्स हा विशेष विषय मिळणं तेव्हा अमरावतीत सोपं नव्हतं. प्रयोगशाळेतल्या जागा मोजक्या, आणि विभागप्रमुखांनी माझ्या अर्जावर तोंडीच शेरा मारला होता, "मार्क आहेत, पण ही मुलगी बोलतच नाही. हिच्या हातात लॅब कशी द्यायची?" आमच्या सरांनी मध्यस्थी केली. अकोल्याच्या विज्ञान प्रदर्शनात आमच्या विभागाचं एक मॉडेल जाणार होतं. ते मी करावं, तिथे ते चाललं पाहिजे आणि समजावूनही मीच सांगावं. मग जागेचं ठरवू, असं प्रमुख म्हणाले.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, वकिलाच्या घरातली. वर्गात उत्तर येत असलं तरी ते ओठापर्यंत येऊन परत जायचं. जोडीला दिलेला मुलगा तिवशाकडच्या शेतकरी घरातला, मोकळा आणि बोलका. मला तो नावानं हाक न मारता 'कॉन्व्हेंट' म्हणायचा. पहिले चार दिवस मला त्याचा राग यायचा.

मॉडेल होतं रुईच्या, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाच्या, गाठी दाबणाऱ्या प्रेसचं. लाकडी चौकट, मध्ये स्क्रूसारखा आट्यांचा दांडा आणि तो फिरवायला खेळण्यातली असते तेवढी सहा व्होल्टची मोटार. मोटार एका दिशेने फिरली की दाबफळी खाली, उलटी फिरली की वर. दिशा बदलायचं काम साध्या स्विचनंही झालं असतं, पण सरांना ते ट्रान्झिस्टरनी करून दाखवायचं होतं. नुसत्या बोटाने दाबायच्या दोन हलक्या बटनांनी मोटारीचा मोठा प्रवाह कसा हुकमात राहतो, हे लोकांना दिसावं म्हणून.

जोडणी कागदावर काढली की इंग्रजी एचसारखी दिसते. दोन्ही उभ्या रेघांवर वर एक, खाली एक असे चार ट्रान्झिस्टर, आणि मधल्या आडव्या रेघेवर मोटार. डावीकडचा वरचा आणि उजवीकडचा खालचा चालू केला की प्रवाह मोटारीतून एका दिशेने जातो. दुसरी तिरपी जोडी चालू केली की उलट. एकाच बाजूचे वरचा-खालचा मात्र एकदम कधीच चालू करायचे नाहीत, कारण मग मोटार बाजूला राहते आणि बॅटरी थेट शॉर्ट होते.

ट्रान्झिस्टर नागपूरहून मागवलेले, नेमके चार. सरांचा एक नियम आमच्या प्रयोगशाळेत सगळ्यांना पाठ होता: कॉइल दिसली की तिच्यावर डायोड लाव. रिलेवर, म्हणजे कॉइलने चालणाऱ्या स्विचवर, आम्ही तो नेहमीच लावायचो. डायोड प्रवाहाला एकाच दिशेने जाऊ देतो आणि तोडलेल्या प्रवाहाचा झटका पोटात घेतो. मोटार म्हणजे शेवटी तारेची कॉइलच, म्हणून जोडीदाराने मोटारीच्या दोन टोकांवर एक डायोड सोल्डरने नीट झाळून टाकला. सरांनी पाहिलं आणि मान डोलावली.

'खाली'चं बटन दाबलं. फळी कुरकुरत खाली गेली. जोडीदार म्हणाला, "जमलं ना वं, कॉन्व्हेंट!" मग त्याने 'वर'चं बटन दाबलं. फळी जागची हलली नाही. डायोड तडकला, जळका वास आला आणि दोन ट्रान्झिस्टर बोट ठेवता येईना इतके तापून कायमचे गेले.

"दांडा अडकला असन," जोडीदार म्हणाला. "आटे साफ करून पाहू काय?"

दांडा अडकलेला नव्हता. मी तो हाताने फिरवून पाहिला होता. मग मी आकृतीवर बोट ठेवून प्रवाहाच्या वाटेने चालू लागले. फळी खाली जाताना डायोडचं तोंड प्रवाहाच्या विरुद्ध, म्हणून तो गप्प. वर जाताना मात्र मोटारीची टोकं उलटतात, आणि तोच डायोड सरळ होतो. मोटारीला वळसा घालून सगळा प्रवाह त्याच्यातून. कळलं, पण ओठ उघडेनात. नियम सरांचा होता.

सर माझ्या बोटाकडे पाहत होते. "काय दिसून राहिलं तुले?"

मी बोट डायोडवर टेकवलं.

"इंग्रजीत सांग, मराठीत सांग, हातवारे करून सांग. मले घाई नाई." आणि त्यांनी खरोखरच स्टूल ओढून बैठक मारली.

मी सांगितलं. अर्धं इंग्रजीत, अर्धं मराठीत. सरांनी आकृती स्वतःकडे वळवली, पाहिली आणि कपाळावर हात मारला. "अरे, रिले एकाच दिशेने चालते! मीच तुमाले नियम पाठ करवला, आन् तो काहून हाय हे मीच इसरलो." ते मनापासून हसले. चूक सांगितल्यावर कुणी इतकं हसू शकतं, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

"मंग काढूनच टाकू ना डायोड," जोडीदार म्हणाला.

सरांनी मोटार जोडणीतून सोडवली. मोटारीच्या टोकांना एक छोटा निऑन दिवा जोडला, सहा व्होल्टची बॅटरी लावली आणि तार झटकन काढली. दिवा लकाकला. तो पेटायला साठाहून जास्त व्होल्ट लागतात. "बॅटरी सहाची, हे कुठून आले? कॉइलमधला प्रवाह एकदम थांबत नाई. वाट नसली तर व्होल्टेज चढवून जबरदस्तीने वाट काढते. आन् आपला ट्रान्झिस्टर बत्तीसच्या वर जगत नाई. आता बोला, वाट कुठून द्याची?"

आम्ही तिघे दुपारभर त्या एचवर वाकून होतो. शेवटी कागदावर चार डायोड आले, प्रत्येक ट्रान्झिस्टरच्या बाजूला एक, बॅटरीच्या विरुद्ध तोंड करून. एरवी ते चारही बंद. ट्रान्झिस्टर बंद झाले की मोटारीतला उरलेला प्रवाह त्यांतल्या दोघांतून बॅटरीकडे परततो, आणि व्होल्टेज बॅटरीच्या जरासंच वर जाऊन थांबतं. मोटार कोणत्याही दिशेने फिरत असो, दोन डायोड वाट द्यायला असतातच.

डायोड अमरावतीतच रेडिओच्या दुकानात मिळाले. ट्रान्झिस्टर मिळाले नाहीत. सरांनी स्वतःसाठी बांधायला घेतलेल्या रेडिओतून आउटपुटच्या ट्रान्झिस्टरची जोडी काढून माझ्यापुढे ठेवली. मी नको म्हणाले. "बातम्या शेजारी ऐकतो मी," ते म्हणाले. "झाळ."

प्रदर्शनाच्या दिवशी प्रमुख आमच्या टेबलापाशी आले. गर्दी होती. सर मुद्दाम लांब, दाराशी उभे राहिले. जोडीदारही दोन पावलं मागे सरकला आणि हळूच म्हणाला, "आता तुमी जाना अन् तुमचा एच जाने."

प्रमुखांनी विचारलं, "हे चार डायोड तर उलटे लावलेत. मग उपयोग काय?" मी सांगितलं. अडखळत, पण वाक्यं पुरी झाली. मग ते मजेत आले. फळी वेगाने खाली जात असताना त्यांनी बटन सोडून दुसऱ्याकडे बोट नेलं.

"नाही सर, थांबा."

माझ्या तोंडून ते जरा मोठ्यानेच निघालं. त्यांचं बोट हवेतच राहिलं.

"काय झालं?"

"मोटार अजून फिरतेय. फिरताना ती स्वतःचं व्होल्टेज तयार करते. आत्ता उलटं बटन दाबलं तर ते बॅटरीच्या व्होल्टेजमध्ये मिळवलं जाईल आणि प्रवाह फार वाढेल. डायोड त्यापासून वाचवत नाहीत. ती थांबू दे."

ते थांबले. मोटारही थांबली. मग त्यांनी बटन दाबलं आणि फळी शांतपणे वर आली. ते दाराकडे गेले, आणि सरांना म्हणाले ते मला टेबलापर्यंत ऐकू आलं, "लॅब हिच्या हाती द्यायला हरकत नाही. निदान माझ्या हातून तरी ती वाचवेल."

जोडीदाराला इलेक्ट्रॉनिक्स नको होतं. तो पुढे शाळेत शिकवू लागला. सरांना मी त्या दिवशी धन्यवाद म्हटलं नाही, जमलंच नाही. पहिल्या पगारातून ट्रान्झिस्टरची तसलीच जोडी घेऊन मी त्यांच्या घरी गेले. त्यांनी ती खिशात टाकली, घरात हाक मारली, "चहा टाका वं, आमच्या लॅबवाल्या बाई आल्या," आणि मला अर्धवट रेडिओपाशी बसवलं. तो आम्ही त्याच संध्याकाळी पुरा केला.