मेरेओनीबाईंनी बदललेलं शीर्षक

फिजीतल्या सुवामधल्या आमच्या धर्मशास्त्र विद्यालयाच्या नियतकालिकाच्या संपादक मेरेओनीबाई. कडावू बेटावरच्या एका गावातल्या विधवांवर मी लेख लिहिला आणि ऐटीत शीर्षक दिलं, ‘पॅसिफिकचे अश्रू’.

“गेलास एका गावात आणि रडवलास अख्खा पॅसिफिक!” बाई कडाडल्या. “आणि अश्रू कोण शोधणार रे?”

त्यांनी लिहिलं, ‘कडावूतील मेथडिस्ट विधवांची शोकप्रथा’. लेखाखालच्या शोधशब्दांत, म्हणजे कीवर्डमध्ये, शीर्षकात नसलेलं घातलं: गावाचं नाव, प्रथेचं फिजियन नाव, मृत्युसंस्कार. मी आठवडाभर फुगून बसलो.

पुढे ऑकलंडच्या एका मुलीला गावाच्या नावावरून तो लेख सापडला. त्यात तिची आजी होती.

बाई वारल्या, तेव्हा मी लेखांच्या सूचीत त्यांचं नाव शोधून पाहिलं. आम्हा सगळ्यांना सापडतं करणाऱ्या बाई कुठेच सापडल्या नाहीत.